फुटक्या खिडकीचा सिद्धांत: न्यूयॉर्कचा दावा आणि त्याची झडती

मार्च १९८२ मध्ये ‘अटलांटिक मंथली’ या अमेरिकी मासिकात जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा एक लेख आला. इमारतीची एक खिडकी फुटली आणि ती तशीच राहिली, तर इथे कोणाचं लक्ष नाही असा अर्थ लोक घेतात आणि थोड्याच दिवसांत बाकीच्या खिडक्याही फुटतात, अशी त्याची मांडणी होती. लेखकांना बोलायचं होतं ते वस्तीबद्दल. दारुडे, भिकारी, भिंतींवरची रंगरंगोटी, कोपऱ्यावर घोळका करून उभी पोरं, हे सगळं चालू दिलं की रहिवासी घाबरतात. घाबरले की घराबाहेर पडणं आणि एकमेकांना हटकणं सोडतात. अशी निर्नायकी झालेली वस्ती लुटारूंना सोयीची वाटते. म्हणजे पोलिसांनी किरकोळ बेशिस्त आवरली की मोठा गुन्हा आपोआप टळेल.

या साखळीतला शेवटचा दुवा, म्हणजे भीतीतून गंभीर गुन्ह्यापर्यंतचा प्रवास, लेखात सिद्ध केलेला नव्हता. लेखकांच्या हाताशी मुख्यतः दोन आधार होते. पहिला होता मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांचा १९६९ मधला प्रयोग. ब्रॉंक्समध्ये बेवारस ठेवलेली गाडी काही मिनिटांतच लुटायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये मात्र तशाच गाडीला आठवडाभर कोणी हात लावला नाही. शेवटी झिंबार्डोंनी स्वतः हातोडा घातला, त्यानंतर तीही फुटली. दोन गाड्यांच्या या प्रयोगातून खून किंवा दरोड्याबद्दल काहीच कळत नाही. दुसरा आधार न्यू जर्सीतल्या न्यूअर्क शहरातल्या पायी गस्तीचा. तिथे रहिवाशांना जास्त सुरक्षित वाटू लागलं, पण गुन्हे कमी झाले नाहीत. लेखकांनी हे लपवलं नव्हतं, लेखाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं. पुढे धोरण करणाऱ्यांनी ते वाक्य बाजूला ठेवलं. खुद्द विल्सन यांनीही २००४ मध्ये सांगितलं की सुव्यवस्था सुधारल्याने गुन्हे घटतात की नाही हे आपल्याला अजून माहीत नाही, तो एक तर्क होता.

हा तर्क धोरण झाला न्यूयॉर्कमध्ये. १९९० मध्ये विल्यम ब्रॅटन तिथल्या भुयारी रेल्वेच्या पोलीस दलाचे प्रमुख झाले आणि तिकीट न काढता फिरत्या फाटकावरून उड्या मारणाऱ्यांची धरपकड सुरू झाली. १९९४ मध्ये रुडी जुलियानी महापौर झाले आणि त्यांनी ब्रॅटन यांना शहराचं पोलीस आयुक्तपद दिलं. आता तीच पद्धत रस्त्यावर आली. उघड्यावर दारू पिणं, लघवी करणं, थोडा गांजा जवळ बाळगणं यांसाठी अटका वाढल्या. त्याच काळात गुन्हेही वेगाने घटले. १९९० मध्ये शहरात २,२०० हून अधिक खून झाले होते, १९९८ मध्ये ती संख्या साडेसहाशेच्या खाली होती. एवढी घसरण डोळ्यांसमोर असल्यावर श्रेय कोणाला, हा प्रश्न बहुतेकांना पडलाच नाही.

संशोधकांना मात्र तो पडला. खुनांची संख्या जुलियानी येण्याआधी, डेव्हिड डिंकिन्स महापौर असतानाच उतरू लागली होती. पोलिसांची संख्या वाढवण्याचा निर्णयही डिंकिन्स यांच्याच काळातला. शिवाय ज्यांनी अशी धरपकड केली नाही, त्या सॅन डिएगोसारख्या शहरांतही गुन्हे झपाट्याने घटले. तरी धोरणाच्या समर्थकांकडे एक भक्कम वाटणारा पुरावा होता. २००१ मध्ये केलिंग आणि विल्यम सूसा यांनी शहरातल्या पोलीस ठाण्यांच्या हद्दी एकमेकींशी ताडून पाहिल्या. जिथे किरकोळ गुन्ह्यांच्या अटका जास्त, तिथे हिंसक गुन्हे जास्त घटलेले दिसले. दहा वर्षांत ६०,००० हून अधिक हिंसक गुन्हे या धोरणाने टळले, असा त्यांचा हिशेब होता.

बर्नार्ड हारकोर्ट आणि जेन्स लुडविग यांनी २००६ मध्ये हाच हिशेब पुन्हा तपासला, आणि माझ्या मते या वादातलं सगळ्यात शिकण्यासारखं काम हेच आहे. त्यांनी विचारलं, अटका जास्त झाल्या त्या हद्दी आधी कशा होत्या? ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर क्रॅक कोकेन आलं तेव्हा हिंसा सर्वाधिक भडकली ती याच भागांत, म्हणून पुढे पोलिसांचा जोरही तिथेच लागला. आता ज्याचा ताप सर्वांत जास्त चढला, त्याचाच ताप सर्वांत जास्त उतरणार. औषध सगळ्यात जास्त त्यालाच दिलं असेल, तर दोन्ही गोष्टी सोबत दिसतात आणि औषध गुणकारी वाटतं. क्रॅकची लाट ओसरली तशी सर्वाधिक चढलेली हिंसाच सर्वाधिक खाली आली. प्रत्येक हद्दीत आधी हिंसा किती वाढली होती हे गणितात धरल्यावर अटका आणि घट यांचा संबंध उरला नाही.

दुसरी टीका मुळावरच आहे. बेशिस्तीतून गुन्हा उपजतो, की दोन्ही एकाच कारणातून येतात? रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांच्या शिकागोतल्या अभ्यासात कॅमेरे लावलेली गाडी १९९५ मध्ये २३,००० हून अधिक रस्त्यांच्या तुकड्यांवरून हळूहळू फिरवली गेली. कचरा, फुटक्या बाटल्या, उघड चालणारे धंदे, जे दिसलं ते नोंदवलं. त्याच वस्त्यांतल्या लोकांना विचारलं गेलं की शेजाऱ्यांवर विश्वास आहे का, मुलं दंगा करत असतील तर कोणी मध्ये पडेल का. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकवटलेली गरिबी आणि शेजाऱ्यांमधला हा विश्वास लक्षात घेतला की बेशिस्तीचा गंभीर गुन्ह्यांशी असलेला संबंध बहुतांशी विरतो. अपवाद रस्त्यावरच्या लुटीचा, तिथे तो टिकला. दोघांच्याच २००४ मधल्या कामातून आणखी अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. प्रत्यक्ष बेशिस्त सारखी असली तरी कृष्णवर्णीयांची संख्या जास्त असलेली वस्ती लोकांना जास्त बेशिस्त वाटत होती. हेच डोळे घेऊन पोलीस कोणाला हटकायचं ते ठरवणार असतील, तर भार कोणावर पडणार हे उघड आहे.

तो पडलाच. रस्त्यात थांबवून झडती घेण्याची पद्धत हे ‘ब्रोकन विंडोज’चं, म्हणजे फुटक्या खिडकीच्या सिद्धांताचं, थेट रूप नव्हतं, पण ती त्याच वातावरणात फोफावली. २०११ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी सुमारे ६ लाख ८५ हजार वेळा लोकांना थांबवलं. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, आणि दहापैकी जवळपास नऊ वेळा ना अटक झाली ना समन्स निघालं. २०१३ मध्ये संघीय न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली. २०१४ मध्ये हा आकडा ५०,००० च्या खाली आला, तरी खून वाढले नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये स्टेटन आयलंडवर सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी एरिक गार्नर यांना पकडलं, गळा आवळला गेला आणि त्यांचा मृत्यू झाला. किरकोळ गुन्ह्यासाठी होणारी प्रत्येक अटक म्हणजे पोलीस आणि नागरिक यांच्यातली एक झटापट होण्याची शक्यता. या धोरणाच्या हिशेबात ही किंमत कधी धरलीच गेली नव्हती.

मग सगळंच चुकीचं का? नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरात अँथनी ब्रागा आणि ब्रेंडा बाँड यांनी जास्त गुन्ह्यांची ३४ ठिकाणं निवडून त्यांच्या १७ जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एका ठिकाणी वर्षभर बेशिस्तीवर काम केलं. पोलिसांना येणारे फोन तिथे सुमारे २० टक्क्यांनी घटले. हे कशामुळे झालं, याचाही त्यांनी शोध घेतला. सर्वांत मोठा वाटा जागेत केलेल्या बदलांचा निघाला: पडीक जागा साफ करणं, दिवे लावणं, ओसाड इमारती बंद करणं. किरकोळ अटकांचा वाटा त्याहून कमी होता. २०१५ मध्ये ब्रागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही चित्र हेच दिसलं. रहिवाशांना सोबत घेऊन एकेका जागेची अडचण सोडवली तिथे गुन्हे घटले, आणि नुसती धरपकड केली तिथे लक्षणीय फरक पडला नाही.