क्रियापद "दुसरा शब्द" नसतं

"जर्मनमध्ये क्रियापद दुसरा शब्द असतो ना?"

शब्द नाही, दुसरी जागा. पहिल्या जागेवर अख्खं वाक्यही बसू शकतं, आणि परीक्षेत आपण नेमके तिथेच पडतो. "मी आजारी असल्यामुळे मी घरी राहतो" हे मनात धरून मुलं लिहितात, "वाइल इश क्रांक बिन, इश ब्लायबं त्सु हाउझं". पहिला भाग बरोबर, कारण वाइलनंतर क्रियापद शेवटी जातं, ते तर मराठीच्या सवयीने आपसूक येतं (फुकटचा मार्क). पण तो पूर्ण भाग म्हणजेच पहिली जागा, म्हणून स्वल्पविरामानंतर लगेच क्रियापद हवं, "ब्लायबं इश त्सु हाउझं". आपल्याला तिथे आधी "मी" लिहायची सवय, तीच नडते. पेपर तपासताना स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं चिकटलीत का तेवढं बघा, "बिन, ब्लायबं".