दहा वेळा लिहिलं की शब्द पक्का?

"चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावा, शुद्धलेखन आपोआप सुधारतं."

हात सरावतो खरा, पण त्या एकाच शब्दापुरता. 'फूल' दहादा लिहिलेलं मूल पुढच्याच ओळीत 'फूलाला' लिहितं, कारण दीर्घ उकार कधी ऱ्हस्व होतो हे त्याने पाहिलेलंच नसतं.

पाचवी-सहावीच्या मुलांना फूल, फुलाला, खीर, खिरीत, गरीब, गरिबाने अशा चिठ्ठ्या द्या आणि नियम न सांगता गट करू द्या. हळूहळू त्यांनाच दिसतं: शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षराची वेलांटी किंवा उकार दीर्घ, आणि प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व. मग गुण, विष या चिठ्ठ्या द्या. त्या कुठेच बसत नाहीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपलं मूळ रूप राखतात, म्हणून त्यांचा तिसरा गट. (हा टप्पा गाळला तर मुलं हौसेने 'गूण' लिहू लागतात.)

पडताळा घ्यायचा तर आठवड्याने सहा शब्दांचं श्रुतलेखन घ्या. त्यात आधी न आलेल्या जमीन-जमिनीवर, वकील-वकिलाला या जोड्या असू द्या. फक्त ओळखीचे शब्द बरोबर आले, तर पाठांतर झालंय, नियम सापडलेला नाही. चिठ्ठ्या पुन्हा काढा.