हवेतले नत्र घेणारा मका आणि त्याच्या नोंदीचा प्रश्न

हवेतून खत घेणारा मका शास्त्रज्ञांना सापडला, अशा आशयाच्या बातम्या 2018 च्या ऑगस्टमध्ये अनेक ठिकाणी आल्या. हा मका मेक्सिकोच्या ओहाका राज्यातील सिएरा मिहे या डोंगराळ भागात, तोतोंतेपेक गावच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या स्वतःचे बियाणे राखून टिकवलेला आहे. त्याचे ताट पाच मीटरपर्यंत उंच जाते आणि पीक तयार व्हायला नेहमीच्या मक्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. नेहमीच्या मक्याला जमिनीलगतच्या एकदोन पेरांवरच आधारमुळे फुटतात, तर याला ती आठ-दहा पेरांवर फुटतात. ती जमिनीपर्यंत न पोहोचता हवेतच राहतात आणि पावसाळी, दमट हवेत त्यांच्या टोकांवरून दाट, चिकट द्रव ठिबकतो.

सगळी गंमत या द्रवात आहे. हवेत नत्र मुबलक असले तरी त्याच्या रेणूतील दोन अणूंची जोडी इतकी घट्ट असते की वनस्पतींना ती फोडता येत नाही. काही जीवाणू नायट्रोजिनेज या विकराच्या साह्याने ती फोडतात, पण त्यासाठी त्यांना भरपूर ऊर्जा लागते आणि प्राणवायूचा स्पर्श झाला की हा विकरच निकामी होतो. मक्याच्या मुळावरील द्रव या दोन्ही अडचणी दूर करतो. त्यातील शर्करांवर जीवाणूंचे पोषण होते, आणि द्रव दाट असल्यामुळे पृष्ठभागापासून काही मिलिमीटर आत प्राणवायू फारसा पोहोचत नाही.

नत्र खरोखर हवेतूनच आले, हे कसे ठरवायचे? नत्राचे दोन स्थिर समस्थानिक आहेत, आणि त्यांपैकी जड नत्र हवेत अत्यल्प असते. जमिनीला जड नत्राने समृद्ध केलेले खत देऊन हा मका आणि हवेतील नत्र न घेणारे एखादे पीक शेजारी शेजारी वाढवतात. समजा, त्या पिकात जड नत्राचा अंश नैसर्गिक प्रमाणापेक्षा 1 टक्क्याने वाढला आणि मक्यात 0.6 टक्क्यानेच वाढला, तर मक्यातील सुमारे 40 टक्के नत्र हवेतून आले, असा हिशेब निघतो. मात्र दोन्ही पिकांची मुळे सारख्याच खोलीवरून आणि सारख्याच काळात नत्र घेत नसतील, तर हिशेब चुकतो. सिएरा मिहेतील मोजमापांत हा वाटा 29 ते 82 टक्के आढळला.

यावरून ‘पूर्वजांना जीवाणुशास्त्र ठाऊक होते’ असे म्हणणे चूक, आणि रासायनिक खतांचे दिवस भरले असे म्हणणेही तितकेच उतावीळपणाचे आहे. दमट हवा नसेल तर द्रवच सुटत नाही.

मक्याचे परागण वाऱ्याने होते, त्यामुळे असे वाण म्हणजे एकसारख्या झाडांचा संच नसून बदलत राहणारा समूह असतो. मोजक्याच कणसांचे बी राखले तर काही पिढ्यांत त्यातील विविधता घटते आणि झाडे खुरटतात. म्हणूनच बियाण्याचा नमुना उणे 18 अंशांच्या शीतपेढीत ठेवून पिशवीवर पिकाचे नाव, गाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिली, तरी शेतकऱ्यांचे ज्ञान नोंदले गेले असे होत नाही. कणसे कोण निवडतो, किती झाडांवरून निवडतो, कोणती नाकारतो, शेजारच्या गावाकडून बी केव्हा आणतो, हे निवडीच्या वेळी सोबत बसूनच कळते. पेरणीनंतर प्रश्नावली घेऊन गेलेल्या संशोधकाला बहुधा नियम ऐकायला मिळतात. प्रत्यक्ष व्यवहार त्याहून वेगळा असतो.

अमेरिकी संशोधकांच्या या संशोधनासाठी गावाशी लाभवाटपाचा करार झाला होता, आणि जनुकीय संसाधनांच्या वापरातून होणाऱ्या लाभाच्या न्याय्य वाटपासाठी केलेल्या नागोया शिष्टाचार या आंतरराष्ट्रीय करारानुसार अनुपालनाचे प्रमाणपत्रही मिळाले होते. 2010 साली स्वीकारलेल्या या शिष्टाचारात अमेरिका सहभागी नाही, तरी मेक्सिको सहभागी असल्यामुळे तेथील नियम अमेरिकी संशोधकांनाही पाळावे लागले. हे योग्यच झाले, पण कराराच्या अटी उघड न केल्यामुळे टीकाही झाली. शिवाय बियाणे गावोगाव फिरते. तशाच मक्याची लागवड करणाऱ्या इतर गावांचा हक्क एका गावाच्या सहीने कसा मिटणार?

त्यामुळे परवानगी मागण्याआधी त्या वाणाचे राखणदार कोण आहेत, याचा शोध परिसरभर घ्यायला हवा. संमती लोकांच्या भाषेत आणि त्यांच्या सभेसमोर घ्यावी, लिहिलेली टिपणे सांगणाऱ्यांना वाचून दाखवावीत, आणि त्यांनी नको म्हटलेला भाग किंवा शेताचे नेमके स्थान प्रसिद्ध करू नये. आणखी एक कलम आज बहुतेकदा राहून जाते. जनुकीय क्रम एकदा खुल्या संग्रहात गेला की त्याच्या आधारे काम करणाऱ्याला बियाण्याची गरज उरत नाही, म्हणून क्रम प्रसिद्ध करायचा की नाही आणि त्यातून झालेल्या लाभाचा वाटा कोणाला द्यायचा, हे नमुना गोळा करण्यापूर्वीच करारात लिहिलेले असले पाहिजे.