हाडांचं इंजेक्शन आणि शेक: कशाकडून काय मिळतं

आमच्या परिचारिका हाडांचं इंजेक्शन द्यायला घरी आल्या की पहिला प्रश्न हमखास येतो: "याने दुखणं आजच थांबेल ना?" नाही थांबणार. हे इंजेक्शन वेदनाशामक नाही. घरच्यांचा गैरसमज होऊ नये म्हणून हे पत्रक.

कॅन्सर हाडात पसरला की तिथल्या गाठी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव आणतात. हाड रोज थोडं झिजतं आणि थोडं भरतं. इथे झिजणं वाढतं, भरणं मागे पडतं. झोलेड्रॉनिक ॲसिड आणि डेनोसुमॅब ही हाडांची दोन इंजेक्शनं या झिजवणाऱ्या पेशींना आवर घालतात. हाड मोडणं, रेडिएशन किंवा ऑपरेशनची वेळ येणं हे त्यामुळे कमी होतं आणि लांबतं, पण पूर्ण टळत नाही. परिणाम काही महिन्यांच्या हिशोबात दिसतो. गाठीवरचा इलाज वेगळा, तो चालूच ठेवायचा.

दुखणं कमी करायचं काम रेडिएशनचं, ज्याला बोलीत शेक किंवा लाईट म्हणतात. बऱ्याच रुग्णांना ८ ग्रे एवढा एकच डोस पुरतो. दहा दिवस रोज जाण्याने दुखणं त्याहून जास्त कमी होतं असं नाही. फरक एवढाच की एकदाच घेतलेल्यांना पुढे त्याच जागी पुन्हा शेक लागण्याची शक्यता जास्त असते. आराम साधारण एक ते चार आठवड्यांत येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत दुखणं उलट वाढू शकतं. अशा वेळी घाबरून "शेक बाधला" म्हणतात, पण ते तात्पुरतं असतं. दुखण्याच्या गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना कळवा.

आता मोडण्याच्या धोक्याविषयी. समजा, साठीच्या एका बाईंना स्तनाचा कॅन्सर आहे. रात्री मांडी ठणकते, ते गोळीने निभतं. पण आता खुर्चीतून उठून पायावर भार टाकला की कळ येते, बसलं की थांबते. हा फरक फार महत्त्वाचा. भार टाकल्यावरच येणारी कळ म्हणजे हाड वजन पेलेनासं झालंय, असं आधी समजावं. अशा वेळी अस्थितज्ज्ञ मिरेल्सचे गुण मोजतात: चार गोष्टी, प्रत्येकीला एक ते तीन गुण. बाईंच्या एक्स-रेत खुब्याजवळ पोखरलेली जागा आहे. खुब्याजवळची जागा, ३. भार टाकल्यावरचं दुखणं, ३. हाड पोखरलेलं, ३. पोखरण हाडाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत, २. एकूण ११. नऊ किंवा त्याहून जास्त झाले की हाड मोडायच्या आधीच आत रॉड घालून आधार द्यायचा विचार होतो. शेक त्यानंतर, जखम भरली की. आधी नुसता शेक दिला तर दुखणं कमी होईल, बाई चालू लागतील आणि पोकळ हाडावर जास्त भार येईल. शेकाने हाड लगेच पक्कं होत नाही, भरायला महिने लागतात. ऑपरेशनचा निर्णय होईपर्यंत त्या पायावर भार नको. वॉकर किंवा चाकाची खुर्ची वापरा.

इंजेक्शनाआधी आम्ही तीन गोष्टी विचारतो आणि त्या नसतील तर परत जातो. याबद्दल काहीजण रागावतात, तरी आम्ही नियम सोडत नाही. पहिली, रक्ताची तपासणी: क्रिएटिनिन आणि कॅल्शियम. झोलेड्रॉनिक किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून ४ मिलिग्रॅम सलाईनमधून किमान १५ मिनिटं घालवून देतात, आणि किडनी कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा देतच नाहीत. डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम कातडीखाली दर चार आठवड्यांनी, त्यात किडनीची अडचण कमी, पण कॅल्शियम घसरण्याचा धोका जास्त. तोंडाभोवती किंवा बोटांना मुंग्या, हातापायांत गोळे आले तर त्याच दिवशी कळवा. दुसरी, दातांची तपासणी. सुरू करण्याआधी दुखरा दात काढून घ्या, नंतर काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा त्रास होऊ शकतो. तिसरी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्यात का आणि चालू आहेत का. झोलेड्रॉनिकच्या पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, ती बहुधा आपोआप उतरते.

मणक्यात गाठ असेल तर काही लक्षणं दिसल्यावर आमच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका. पाय लुळे पडताहेत, चालताना अडखळायला होतं, कमरेखाली बधिर वाटतं, लघवी अडते किंवा कळत नाही, पाठदुखी पट्ट्यासारखी छातीभोवती फिरते: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा आणि "मज्जारज्जू दबला असेल" हे शब्द वापरून सांगा. चालता येतंय तोवर इलाज सुरू झाला, तर पुढेही चालता येण्याची शक्यता खूप जास्त असते.