मालवाहू टेम्पो: विकत की भाड्याने (करोत्तर रोकडप्रवाहाचे गणित)

धंद्याच्या मालपोचीसाठी लागणारी गाडी विकत घ्यावी की ठरावीक वर्षांच्या कराराने भाड्याने (लीजवर) घ्यावी, हे ठरवण्याची ही पद्धत आहे. दोन्ही पर्यायांत खिशातून जाणारे आणि करात वाचणारे पैसे वर्षवार मांडायचे, योग्य वटाव दराने आजच्या किमतीला आणायचे आणि ज्याची बेरीज कमी तो पर्याय निवडायचा. डिझेल, चालकाचा पगार, टायर असा जो खर्च दोन्हीकडे सारखाच आहे, तो मांडायची गरज नसते.

वटाव दर. सर्वाधिक चुका इथे होतात. लीजचे भाडे म्हणजे दरमहा न चुकता देण्याची बांधिलकी, म्हणजे कर्जाचेच भावंड. त्यामुळे तुलना करायची ती वाहनकर्जाशी, धंद्यातल्या नफ्याच्या टक्केवारीशी नव्हे. भागीदारी फर्मला 30 टक्के आयकर आणि त्यावर 4 टक्के उपकर धरून 31.2 टक्के कर लागतो (करपात्र उत्पन्न एक कोटीवर गेले तर अधिभार वेगळा). कर्ज 10.9 टक्क्यांनी मिळत असेल, तर व्याजावरची करबचत वजा जाता खरा दर 10.9 × 0.688, म्हणजे 7.5 टक्के.

कर्ज देणारे अनेकदा ‘फ्लॅट’ दर सांगतात. पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांवर 6 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर सुमारे 10.85 टक्के. गणितात घटत्या शिलकीचाच दर घ्यावा.

करोत्तर दर वापरला की कर्जाचे हप्ते आणि व्याजावरची करबचत पुन्हा वेगळी मांडायची नाही, कारण ती बचत दरातच आलेली असते. करबचत वजा जाता उरणारे सगळे हप्ते त्या दराने आजच्या किमतीला आणले तर उत्तर मुद्दलाएवढेच येते. म्हणून ‘खरेदी’च्या बाजूला गाडीची पूर्ण किंमत आजच गेली असे धरतात, मग ती कर्जाने घेतलेली असो वा रोखीने.

गाडीच्या विक्रीतून पाच वर्षांनी येणारी रक्कम मात्र कराराने पक्की नसते. तिला जास्त दर लावणे शहाणपणाचे. खाली 12 टक्के धरला आहे.

उदाहरण. कुपवाडला गोदाम असलेली, नियमित हिशेबवह्या ठेवणारी एक वितरक फर्म मिरज, तासगाव, विटा भागात किराणा पोचवण्यासाठी छोटा हत्तीच्या वर्गातली गाडी घेणार आहे असे समजू. नोंदणी आणि रस्ताकरासह, जीएसटी सोडून, किंमत 6,00,000 रुपये. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळते, तसेच ते लीजच्या भाड्यावरही मिळते, म्हणून कर दोन्हीकडून वगळला आहे. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याला हे क्रेडिट नाही. त्याने दोन्ही आकडे जीएसटीसह घ्यावेत.

लीजचा देकार: 60 महिने, दरमहा 16,500 रुपये, विमा आणि दुरुस्ती लीज कंपनीकडे. विकत घेतल्यास विमा-दुरुस्तीचे वर्षाला 45,000 रुपये फर्मच्या अंगावर येतील. करबचत वजा जाता 30,960. पाच वर्षे वापरून गाडी सहाव्या वर्षाच्या आरंभी 1,80,000 रुपयांना विकली जाईल असा अंदाज. सोयीसाठी दरवर्षीचे पैसे वर्षअखेरीस धरले आहेत.

घसारा उरलेल्या मूल्यावर 15 टक्के. पहिल्या वर्षी 90,000 रुपये, म्हणजे 28,080 रुपयांची करबचत. पुढे ती घटत पाचव्या वर्षी 14,658 होते. तेव्हा वहीत 2,66,223 रुपये उरतात. विक्रीचे 1,80,000 वजा केल्यावरचे 86,223 रुपये 15 टक्क्यांच्या गटात (ब्लॉकमध्ये) राहतात आणि त्यांवर पुढेही घसारा मिळत राहतो.

| खरेदीची बाजू | आजची किंमत (रु.) |
|---|---|
| गाडी | 6,00,000 |
| विमा-दुरुस्ती, करोत्तर | + 1,25,261 |
| पाच वर्षांच्या घसाऱ्याची करबचत | − 86,229 |
| गटात उरलेल्या रकमेची करबचत | − 12,492 |
| विक्रीची रक्कम, 12 टक्क्यांनी | − 1,02,137 |
| एकूण | 5,24,403 |

लीजची बाजू छोटी आहे. वर्षाचे भाडे 1,98,000, करोत्तर 1,36,224, आणि पाच वर्षांची आजची किंमत 5,51,147. खरेदी सुमारे 26,700 रुपयांनी स्वस्त. भाडे महिना 15,700च्या आसपास उतरले तर दोन्ही सारखे होतात. बोलणी करताना हाच आकडा हाताशी असावा.

उत्तर कशाने फिरते. मुख्यतः विक्रीच्या किमतीने. इथे गाडी 1,17,000 रुपयांच्या खाली विकली गेली तर लीज सरस ठरते. सांगलीत ही शंका कागदी नाही. 2019 आणि 2021च्या कृष्णेच्या पुरानंतर पाण्यात उभी राहिलेली गाडी दुरुस्त झाली तरी ग्राहक भाव पाडूनच मागतो. गोदाम किंवा गाडी लावायची जागा पूररेषेत असेल तर विक्रीचा अंदाज आधीच खाली धरावा. लीजवर हा धोका आपोआप टळतो असेही नाही: गाडी बुडाल्यास भाडे थांबते का आणि विम्यातून न भरलेला फरक कोण देतो, हे करारात वाचावे लागते.

दुसरा घटक कर. अंदाजित नफ्याच्या योजनेत (पूर्वीचे कलम 44AD) विवरण भरणाऱ्याला भाड्याची किंवा घसाऱ्याची वेगळी वजावट नाही. त्याच्यासाठी करबचत शून्य आणि वटाव दर पूर्ण 10.9 टक्के. याच आकड्यांवर त्याची खरेदी 6,64,600 आणि लीज 7,33,600 येते, म्हणजे फरक 69,000वर जातो. ‘लीजने कर वाचतो’ हा विक्रेत्याचा मुद्दा त्याला लागूच नाही.

घसाऱ्यातल्या चुका. 30 टक्के दर भाड्याने चालवण्याच्या धंद्यातल्या मालगाड्यांना आहे. स्वतःचा माल पोचवणाऱ्या टेम्पोला 15 टक्केच. त्याला 30 टक्के लावून केलेला तक्ता खरेदीला फुकटचा कौल देतो. पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर त्या वर्षी घसारा निम्मा मिळतो. म्हणून दिवाळीच्या पाडव्याला घेतलेल्या गाडीची पहिल्या वर्षीची करबचत वरच्या उदाहरणात 14,040च राहते. उरलेली बुडत नाही, पुढच्या वर्षांवर पसरते. आणि गटात दुसरी काहीच मालमत्ता नसेल, तर विक्रीनंतर उरलेले 86,223 रुपये अल्पकालीन भांडवली तोटा ठरतात. तो धंद्याच्या नफ्यातून वळता होत नाही, त्यामुळे 12,492ची ओळ बहुधा खोडावी लागते. गोदामात 15 टक्क्यांच्याच गटातली इतर यंत्रसामग्री वहीत असेल तर हा प्रश्न येत नाही.

देकार वाचताना. बिनव्याजी अनामत हा लपलेला खर्च असतो. तीन महिन्यांचे भाडे, म्हणजे 49,500 रुपये, पाच वर्षे अडकले तर आजच्या किमतीत सुमारे 15,000 रुपये जातात. वर ते धरलेले नाहीत. किलोमीटरची मर्यादा जतपर्यंतच्या फेऱ्या असणाऱ्याने खऱ्या फेऱ्यांशी ताडून पाहावी, कारण जादा किलोमीटरचा आकार शेवटी एकरकमी येतो. मुदतीआधी गाडी परत केल्यास किती महिन्यांचे भाडे द्यावे लागते, तेही तपासावे. शेवटच्या हप्त्यानंतर गाडी आपोआप आपल्या नावावर होणार असेल, तर तो बहुधा हायर-पर्चेस असतो; तिथे घसारा घेणाऱ्याला मिळतो, पूर्ण हप्ता खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि लीजच्या बाजूचे वरचे गणित लागू पडत नाही.