गाडी थांबते, पण थांबा नाही

गोंदिया–नागभीड–बल्लारशा मार्गावरच्या एखाद्या लहान स्टेशनात एक्स्प्रेस येऊन उभी राहते. मोबाइलवर त्या स्टेशनापुढे येण्या-जाण्याची वेळही दिसते. तिकीट मागायला गेलं की कळतं, इथलं तिकीटच निघत नाही. "उभीच आहे तं चढू द्या ना!" हा वाद तिथूनच सुरू होतो.

वाफेच्या इंजिनांच्या काळात पाणी भरायला गाडी थांबायचीच, आणि लोक चढायचे-उतरायचे. पुढे इंजिनं बदलली, पण चालक-गार्ड बदलणं, डब्यांत पाणी भरणं आणि एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देणं, म्हणजे क्रॉसिंग, ही कारणं उरली. असा थांबा तांत्रिक. प्रवाशांसाठी जाहीर केलेला, जिथलं तिकीट मिळतं तो वाणिज्यिक. कर्मचाऱ्यांच्या वेळापत्रकात दोन्ही असतात, प्रवाशांच्या छापील वेळापत्रकात प्रामुख्याने दुसराच असायचा. मोबाइल आले आणि काही ठिकाणी दोन्ही एकाच यादीत दिसू लागले. गोंधळ तिथे वाढला.

वाद पेटला तो दुरांतोवरून. २००९ मध्ये या गाड्या आल्या त्या 'मधे कुठेही थांबा नाही' म्हणत. मुंबई–हावडा दुरांतो नागपूरच्या फलाटाला लागायची, कर्मचारी बदलायचे, पण नागपूरचं तिकीट नव्हतं. २०१६ पासून अशा थांब्यांची तिकिटं सुरू झाली. फलाट तोच, गाडी तीच. बदलला तो फक्त शिक्का. तेव्हा 'तांत्रिक अडचण' म्हणून जे सांगितलं जायचं, त्यातला बराच भाग धोरणाचा होता, असं म्हणायला जागा आहे. मग गावंही विचारू लागली, नागपूरला चालतं ते आम्हाला का नाही?

इथे मात्र गावाचं गणित वेगळं आहे. समजा एक्स्प्रेसचं क्रॉसिंग आपल्या स्टेशनात १४:१० ते १४:२५ असं ठरलंय. समोरची गाडी उशिरा निघाली, तर गाड्यांचं नियंत्रण करणारा कक्ष क्रॉसिंग पुढच्या स्टेशनात ढकलतो आणि आपली एक्स्प्रेस न थांबता निघून जाते. तिकीट काढून बसलेला माणूस फलाटावरच राहतो. समोरची गाडी वेळेआधी आली, तर सिग्नल पंधरा मिनिटांआधीच पडतो. वाणिज्यिक थांब्यात गाडी जाहीर वेळेआधी सुटत नाही. तांत्रिक थांब्याला तसं बंधन नाही. शिवाय गाडी बाजूच्या ज्या रुळावर, म्हणजे लूपवर घेतात, त्या बाजूला फलाट असेलच असं नाही. काही ठिकाणी पायरीवरून थेट गिट्टीवर उडी मारावी लागते, म्हाताऱ्या माणसाला तर ती जमतच नाही.

म्हणूनच आता मागण्यांच्या निवेदनांत 'गाडी थांबतेच' हा मुद्दा मागे पडतोय आणि 'प्रायोगिक थांबा' हा शब्द पुढे येतोय. त्यात ठरावीक मुदतीसाठी तिकीटविक्री सुरू होते आणि खपलेली तिकिटं मोजून थांबा ठेवायचा की काढायचा ते ठरतं.