जोखीम गुणांकन तक्ता

एखाद्या संस्थेपुढच्या जोखमींना आकडेमोडीऐवजी अनुभवाच्या अंदाजाने क्रम लावण्याचा तक्ता. व्यवहारात त्याला ‘रिस्क मॅट्रिक्स’च म्हणतात. एका बाजूला घटना घडण्याची शक्यता १ ते ५, दुसऱ्या बाजूला तिचा परिणाम १ ते ५ अशी मोजपट्टी असते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या जोखमीचे गुण. हे गुण कुठवर चालवून घ्यायचे आणि कुठून पुढे हालचाल करायची ती रेघ म्हणजे उंबरठा, आणि तो ज्यावरून ठरतो ती संस्थेची जोखीम पत्करण्याची तयारी, म्हणजे ‘रिस्क ॲपेटाइट’. अमेरिकी लष्कराच्या सुरक्षा मानकांतून ही पद्धत रुळत गेली. आज बँका, कारखाने आणि अनुदान घेणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडूनही असा तक्ता मागितला जातो.

उंबरठ्याची कल्पना विदर्भातल्या कापूस उत्पादकाला नवी नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून फवारणीचा निर्णय घेतात. सात पतंग सापडले म्हणजे अळी नाही असा त्याचा अर्थ नसतो. तिच्यावर अजून खर्च करणे परवडत नाही एवढाच असतो. फरक असा, की आठ हा आकडा कृषी शास्त्रज्ञांनी ठरवून दिलेला आहे आणि कंपनीचा उंबरठा तिच्या संचालकांना स्वतःच्या तिजोरीकडे पाहून काढावा लागतो.

उदाहरणापुरती वर्धा जिल्ह्यातल्या गावातली एक काल्पनिक कंपनी घेऊ. दिवाळीच्या तोंडावर ती सभासदांकडून १,००० क्विंटल सोयाबीन घेते, गोदामात ठेवते आणि भाव चढल्यावर विकते. क्विंटलला ४,५०० रुपये धरले तर गोदामात ४५ लाखांचा माल पडून असतो. गंगाजळी मात्र सहा लाखांची.

तक्त्याचे पहिले काम म्हणजे प्रत्येक अंकाला अर्थ देणे, आणि बहुतेक तक्ते इथेच फसतात. ‘मध्यम’ या शब्दाने अध्यक्षांना एक कळते, हिशेबनिसाला दुसरेच. म्हणून परिणामाची पट्टी रुपयांत बांधायची: दहा हजारांच्या आत १, पन्नास हजारांपर्यंत २, दोन लाखांपर्यंत ३, सहा लाखांपर्यंत ४, आणि गंगाजळी आटली की ५. शक्यताही अशीच वर्षांत: दर हंगामात घडते ते ५, दोन हंगामांतून एकदा ४, तीन ते पाच वर्षांतून एकदा ३, दहा वर्षांतून एकदा २, त्याहून विरळ ते १.

आता परतीच्या पावसाचे घेऊ. ओले सोयाबीन पोत्यात भरले की आतून तापते आणि त्याला बुरशी लागते. शासकीय खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. त्यापुढचा माल व्यापारीही पाडून मागतो. हे दोन हंगामांतून एकदा होते आणि दीड लाखांचा फटका बसतो असे धरले, तर ४ गुणिले ३, म्हणजे १२. साठवलेल्या मालाचा भाव क्विंटलला ४०० रुपयांनी उतरला तर १,००० क्विंटलवर चार लाख जातात. तीन-चार वर्षांतून एकदा म्हटले तर ३ गुणिले ४, पुन्हा १२. गोदामाला आग तीस वर्षांतून एकदा, पण लागली तर सगळे खलास: १ गुणिले ५, म्हणजे ५. आणि तोलाईतली किरकोळ घट दर हंगामाची, आठ हजारांची: ५ गुणिले १, तीही ५.

तक्ता खोटा कसा बोलतो ते या शेवटच्या दोन ओळींत दिसते. आग आणि घट एकाच पायरीवर बसल्या. वर्षाची सरासरी काढली तर आगीचे नुकसान दीड लाख येते, घटीचे आठ हजार. एवढेच नव्हे, तर १२ गुण मिळवणाऱ्या ओलाव्याचे सरासरी नुकसान वर्षाला पाऊण लाख, म्हणजे ५ गुणांच्या आगीच्या निम्मे! कारण १ ते ५ हे क्रमांक आहेत, मापे नाहीत. शर्यतीतला दुसरा धावक पहिल्याच्या दुप्पट वेळ घेतो असे कोणी म्हणत नाही, पण तक्त्यात आपण अशाच क्रमांकांचा गुणाकार करतो. जोखमीचे अभ्यासक टोनी कॉक्स यांनी २००८ मध्ये ही त्रुटी गणिताने मांडली आणि काही प्रसंगी असा तक्ता नुसत्या अंदाजापेक्षाही वाईट क्रम लावतो हे दाखवले. यावरचा साधा उपाय म्हणजे एक जादा नियम: परिणाम ५ असेल ती जोखीम, गुण कितीही कमी असोत, संचालक मंडळापुढे जाणारच.

उंबरठा ठरवताना मंडळाने विचारायचा प्रश्न एकच: एका हंगामात किती बुडाले तरी पुढच्या ऑक्टोबरात खरेदीला पैसे उरतील? या कंपनीचे उत्तर दोन लाख आले असे समजू. पण सगळ्या जोखमींना तीच फूटपट्टी लावणे बरोबर नाही. माल थांबवून भावाची वाट पाहणे हाच तिचा धंदा, तेव्हा भावाची जोखीम दोन लाखांपर्यंत ती आपणहून घेते. ओलावा ही निव्वळ हलगर्जी. तिथे तयारी फार तर पन्नास हजारांची. गोदामात धुरी देताना हमालाच्या जिवाला असलेल्या धोक्यापुरती तयारी शून्य. तिथे गुण मोजत बसायचेच नसते.

मग भावाच्या १२ चे काय? भाव कंपनीचे ऐकत नाही, त्यामुळे शक्यता तीनच राहणार. मात्र १,००० ऐवजी ५०० क्विंटलच थांबवले, बाकी आल्या भावाला काढले, तर त्याच ४०० रुपयांच्या घसरणीत दोन लाख जातात. परिणाम ३ वर येतो, गुण ९, आणि तयारीही बरोबर तेवढीच आहे. ओलाव्यात उलटे होते: खरेदीच्या काट्यावर मॉइश्चर मीटर आणि खळ्यावर ताडपत्र्या ठेवल्या तर शक्यता ४ ची २ होते, पण ओला माल आत शिरलाच तर फटका तेवढाच, म्हणून गुण ६. परिणाम अजून तीनच असल्याने पन्नास हजारांची मर्यादा ओलांडलेलीच राहते; ओला लॉट वेगळ्या थप्पीला लावून आधी विकायची सोय केल्याशिवाय ती पाळली जात नाही. एकच उपाय लिहून दोन्ही आकडे खाली आणलेले दिसले, की तक्ता बैठकीच्या आदल्या रात्री भरला आहे असे खुशाल समजावे.

दुसरी खूणही सोपी आहे. पाच बाय पाचच्या तक्त्यात गुणाकार चौदाच येऊ शकतात. ११, १३ किंवा १४ कधीच येत नाहीत. उंबरठा १२ वर ठेवला आणि निम्म्या जोखमी ९ आणि १० वर दाटल्या, तर गुण देणाऱ्याने आधी रेघ पाहिली आणि मग आकडा लिहिला असा संशय घ्यावा. त्यासाठी गुण तोंडी विचारू नयेत. अध्यक्ष बोलले की बाकीचे मान डोलावतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि दोन किंवा अधिक अंकांची तफावत असेल तिथेच चर्चा करावी. बहुधा हमालांचा मुकादम वेगळा आकडा देतो, आणि छप्पर कुठे गळते ते त्यालाच ठाऊक असते.

आगीसाठी विमा हा ठरलेला उपाय, आणि तो लिहिला की परिणाम ५ चा २ करायची घाई होते. पॉलिसी साडेबावीस लाखांची आणि गोदामात माल ४५ लाखांचा असेल, तर मालाच्या जेवढ्या हिश्श्याचा विमा, नुकसानीचाही तेवढाच हिस्सा देणाऱ्या ‘सरासरीच्या अटी’प्रमाणे दहा लाखांच्या नुकसानीलाही पाचच लाख मिळतात. सगळा माल जळाला तर साडेबावीस लाख कंपनीच्या अंगावर येतात. गंगाजळी सहा लाखांची. तेव्हा विम्याची रक्कम खरेदीच्या आकड्याबरोबर वाढवेपर्यंत त्या घरातला ५ तसाच ठेवावा लागतो.